टोकियो मेट्रोच्या नकाशाचा फोटो काढलाय, आता तो वाचायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोच्या पूर्वेला निशिकासाइ नावाचं स्टेशन आहे. आसपास भारतीय कुटुंबं बरीच राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. मीही तिथलीच. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईवडील येतात, दुपारी एकटे फिरायला निघतात आणि स्टेशनातल्या नकाशाचा फोटो काढून पाठवतात: ‘यात काय लिहिलंय?’ तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. उदाहरणं मुद्दाम एकाच प्रवासाची घेतली आहेत: आसाकुसाचं देऊळ पाहून निहोंबाशीला गाडी बदलायची आणि तोझाइ लाइनने निशिकासाइला घरी यायचं. हा एक प्रवास नीट वाचता आला की बाकीचा नकाशा आपोआप उलगडतो.

फोटोतल्या प्रत्येक स्टेशनाखाली आकडे आहेत. ती मिनिटं आहेत का?

बहुतेक वेळा नाहीत, ते पैसे असतात. तिकिटाच्या मशीनच्या वर जो मोठा नकाशा लावलेला असतो तो भाड्याचा तक्ता असतो. त्याच्या मथळ्यात 運賃 (उन्चिन, म्हणजे भाडं) ही अक्षरं दिसतील. त्यावरचा १८० किंवा २१० हा आकडा येनमधला असतो. बऱ्याचदा एका स्टेशनाखाली दोन आकडे असतात, कारण मोठ्यांचं आणि लहान मुलांचं भाडं वेगळं असतं.

मिनिटं असतात ती फलाटावरच्या लांबट पट्टीवर. तिथे एकाच लाइनची स्टेशनं ओळीने लिहिलेली असतात आणि मथळ्यात 所要時間 (शोयोजिकान, लागणारा वेळ) असं येतं. फरक ओळखायची सोपी खूण अशी की शेजारच्याच स्टेशनाखाली तीन आकडी संख्या असेल तर ते भाडं, आणि २, ४, ६ असे हळूहळू चढणारे आकडे असतील तर ती मिनिटं. ‘एवढे एकशे ऐंशी मिनिटं लागतात?’ असं घाबरून विचारणारा फोन मला एकदा खरोखर आला होता. म्हणून हा प्रश्न पहिला ठेवला.

भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपने ‘पूर्व-पश्चिम लाइन’ असं दाखवलं. या नावाची लाइन कुठेच सापडत नाही.

अ‍ॅपने अर्थ बरोबर सांगितला, पण तुम्हाला अर्थ नको होता. 東西線 या अक्षरांचा अर्थ खरंच पूर्व-पश्चिम असा आहे, पण ते नाव आहे, आणि त्याचा उच्चार तोझाइ-सेन. ‘सेन’ म्हणजे लाइन. स्टेशनातल्या इंग्रजी पाट्यांवर Tozai Line असं लिहिलेलं असतं, घोषणेतही तोझाइच म्हणतात, आणि वाट विचारलीत तरी लोक तोझाइच सांगतील. ‘पूर्व-पश्चिम’ म्हणून शोधत राहिलात तर काहीच हाती लागणार नाही. कोणी घाटकोपरच्या नावाचे तुकडे करून अर्थ लावला आणि त्या अर्थाने स्टेशन शोधत फिरला, तर जे होईल तेच.

हाच गोंधळ इतर नावांचाही होतो. 南北線 (नांबोकु-सेन) चं ‘दक्षिण-उत्तर’ होतं, 半蔵門線 (हान्झोमोन-सेन) चं काहीतरी ‘अर्ध्या कोठाराचा दरवाजा’ होतं, 千代田線 (चियोदा-सेन) मधून ‘हजार पिढ्यांचं शेत’ निघतं. माझा नियम साधा आहे: जी अक्षरं नाव आहेत त्यांचा उच्चार घ्यायचा, जी अक्षरं सूचना आहेत त्यांचा अर्थ घ्यायचा. आता नाव कोणतं आणि सूचना कोणती हे ओळखायचं कसं? लाइनच्या नावाच्या शेवटी 線 असतं, स्टेशनाच्या नावाच्या शेवटी अनेकदा 駅 (एकि) असतं. ही दोन अक्षरं ओळखू आली की त्यांच्या आधीचं सगळं नाव आहे असं धरून चाला.

नावं देवनागरीत कशी लिहून ठेवू? पाटीवर Nihombashi आहे आणि एका पुस्तकात Nihonbashi.

दोन्ही एकच. 日本橋 मधलं ‘न’ पुढच्या ‘ब’मुळे ‘म’सारखं उच्चारलं जातं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. मुंबईतला अनुस्वार आपण ‘म’ म्हणूनच उच्चारतो ना? तसाच ‘निहोंबाशी’ लिहा, उच्चार आपोआप बरोबर येईल. शिंबाशीचंही तेच.

देवनागरी इथे फार कामाची आहे, कारण जपानी उच्चार जवळजवळ अक्षराला अक्षर उतरतात. आईसाठी चिठ्ठी लिहिताना मी इंग्रजी स्पेलिंग लिहीतच नाही. ‘ओतेमाची’, ‘मोन्झेन-नाकाचो’, ‘निशिकासाइ’ असं लिहिलेलं तिने वाचून दाखवलं की समोरच्या जपानी माणसाला लगेच कळतं. फक्त निशिकासाइ आणि कासाइ ही शेजारशेजारची दोन वेगळी स्टेशनं आहेत, तेव्हा ‘निशि’ गाळू नका. निशि म्हणजे पश्चिम. आपल्याकडे अंधेरी पश्चिम म्हणजे अंधेरी स्टेशनाचीच एक बाजू, पण इथे ‘पश्चिम’ लागलं की स्टेशनच बदलतं.

एक मोठी अडचण मात्र आहे. तीच अक्षरं दुसऱ्या गावात वेगळी वाचली जातात. टोकियोतलं 日本橋 निहोंबाशी आहे, ओसाकातलं तेच 日本橋 निप्पोंबाशी. कोणी ओसाकाहून फोटो पाठवला तर मी आधी गाव विचारते.

उच्चार, अक्षरं काहीच जमत नसेल तर?

मग गोल चकतीतला कोड धरा. २००४ पासून टोकियोतल्या भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाला एक अक्षर आणि एक आकडा दिलेला आहे. अक्षर लाइनचं, आकडा त्या लाइनवरच्या क्रमाचा. तोझाइ लाइन T, आकाशी रंगाची. निहोंबाशी T10, निशिकासाइ T16. म्हणजे निहोंबाशीला बसलं की सहावं स्टेशन आपलं, आणि गाडी बरोबर दिशेने चालली असेल तर आकडे वाढत गेले पाहिजेत. पुढचं स्टेशन T09 आलं की उतरून समोरच्या फलाटावर जा.

अक्षर नेहमी नावाचं पहिलंच असेल असं नाही. हान्झोमोनचं अक्षर Z आहे, कारण H हिबिया लाइनने घेतलं. तोएइ या दुसऱ्या रेल्वे संस्थेच्या मिता लाइनचं I आहे, कारण M मारुनोउचीकडे गेलं. त्यामुळे अक्षरावरून नावाचा अंदाज बांधू नका, नकाशातून जुळवा.

एकाच स्टेशनाला अनेक कोड असतात हेही लक्षात ठेवा. जितक्या लाइनी तिथे येतात तितके कोड. निहोंबाशीला T10 आहे, गिन्झा लाइनचा G11 आहे आणि आसाकुसा लाइनचा A13 आहे. तीन वेगळी स्टेशनं समजून लोक गडबडतात.

आसाकुसाहून निघायचं म्हणजे ‘आसाकुसा लाइन’च घ्यायची ना?

घेता येते, पण तीच घ्यायला पाहिजे असं नाही, आणि इथेच पैसे आणि वेळ दोन्ही फुकट जातात. आसाकुसाहून निहोंबाशीला दोन लाइनी जातात. एक नारिंगी गिन्झा लाइन: आसाकुसा G19, निहोंबाशी G11, आठ स्टेशनं. दुसरी गुलाबी आसाकुसा लाइन: आसाकुसा A18, निहोंबाशी A13, पाच स्टेशनं. नकाशावर दुसरी जवळची दिसते.

पण टोकियोत भुयारी रेल्वे चालवणाऱ्या संस्था दोन आहेत. टोकियो मेट्रोच्या नऊ लाइनी आणि महानगर सरकारच्या तोएइच्या चार: आसाकुसा, मिता, शिंजुकु आणि ओएदो. गिन्झा आणि तोझाइ दोन्ही मेट्रोच्या, म्हणून गिन्झाने आलात तर सगळा प्रवास एकाच भाड्यात होतो. आसाकुसा लाइनने आलात तर निहोंबाशीला संस्था बदलते, दोन भाडी लागतात आणि त्यातून ७० येन सवलत वजा होते. या सवलतीसाठी 乗継割引 (नोरित्सुगि वारिबिकि) असं लिहिलेलं असतं. फक्त मेट्रोचा २४ तासांचा पास घेतला असेल तर तो तोएइच्या फाटकावर चालतच नाही. फोटोत संस्था ओळखायची खूण: तोएइचं चिन्ह हिरवं गिंकोचं पान, मेट्रोचं निळ्या चौकोनातलं हृदयासारखं दिसणारं M.

आसाकुसा लाइनवर आणखी एक चकवा आहे. A15 ला 東日本橋 (हिगाशि-निहोंबाशी, म्हणजे पूर्व निहोंबाशी) येतं. अ‍ॅपने पहिलं अक्षर गाळलं तर माणूस दोन स्टेशनं आधीच उतरतो, आणि तिथे तोझाइ लाइन येतच नाही. माझ्या शेजारणीच्या सासऱ्यांचं नेमकं हेच झालं. त्यांनी फोटोत नाव बघितलं होतं, कोड बघितला नव्हता.

नकाशावर दोन वेगळ्या नावांची स्टेशनं एका रेघेने जोडलेली आहेत. ते काय?

ती चालत गाडी बदलायची जागा. 乗換 किंवा のりかえ (नोरिकाए) म्हणजे गाडी बदलणे. टोकियोत जुन्या लाइनींच्या शेजारी नव्या लाइनी वेगवेगळ्या वेळी आल्या, म्हणून पन्नास पावलांवरच्या स्टेशनांनाही वेगळी नावं आहेत. आवाजिचो, ओगावामाची आणि शिन-ओचानोमिझु ही तीन नावं खरं तर एकाच जंक्शनची आहेत.

यातल्या काही जागी फाटकाबाहेर पडून, कधी रस्त्यावरून चालून, पुन्हा आत शिरावं लागतं. उदाहरणार्थ हिबिया लाइनचं त्सुकिजी आणि युराकुचो लाइनचं शिन्तोमिचो. मेट्रोच्या अशा बदलासाठी ६० मिनिटं मिळतात (२०२० पर्यंत ३० मिनिटंच होती), तेवढ्यात पुन्हा आत शिरलात तर प्रवास एकच धरला जातो. कागदी तिकीट असेल तर बाहेर पडताना नारिंगी रंगाचं फाटक शोधायचं. साध्या फाटकात तिकीट टाकलं की मशीन ते गिळून टाकतं, परत देत नाही, आणि पुढचं भाडं नव्याने भरावं लागतं. फोटोतल्या सूचनेत オレンジ (ओरेंजि) हा शब्द दिसला की तो याच फाटकाबद्दल आहे.

निहोंबाशीला गिन्झावरून तोझाइवर जाताना हा त्रास नाही, आकाशी रंगाच्या गोलातल्या T च्या पाट्या धरून चालत राहायचं. ओतेमाचीला मात्र पाच लाइनी येतात आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला चांगलाच वेळ जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी ओतेमाचीचा बदल सांगत नाही, नकाशावर तो कितीही सोपा ठिपका दिसला तरी.

फलाटावरच्या पाटीवर एक नाव आणि गाडीवर दुसरंच. कोणतं खरं?

दोन्ही. पाटीवर 方面 (होमेन) असतं, म्हणजे ‘त्या बाजूला’. गाडीवर 行 (युकि) असतं, म्हणजे ही गाडी अमुक ठिकाणापर्यंत जाते. तोझाइ लाइनच्या पूर्वेकडच्या फलाटावर 西船橋方面 असेल, निशि-फुनाबाशीच्या बाजूला. पण येणारी गाडी 妙典行, म्हणजे म्योदेनपर्यंतचीच असू शकते, किंवा 東葉勝田台行 असू शकते, जी मेट्रोची हद्द संपल्यावरही दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून पुढे जाते. निशिकासाइला जाणाऱ्यासाठी या तिन्ही चालतात, कारण निशिकासाइ T16 आहे, म्योदेन T21 आहे आणि बाकीची टोकं त्याच्याही पुढे.

कर्जत, कसारा, बदलापूर कोणतीही असो, डोंबिवलीला उतरायचं असेल तर काय फरक पडतो, तसंच हे. नकाशावर आपल्या स्टेशनाच्या पलीकडचं कुठलंही टोक चालतं, अलीकडचं चालत नाही. दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाण्याला 直通運転 (चोकुत्सू उन्तेन) म्हणतात. अ‍ॅप त्याचं ‘थेट वाहतूक’ करतं आणि लोकांना वाटतं गाडी मधे थांबणार नाही. तसं नाही. याचा अर्थ एवढाच की हद्द बदलली तरी गाडी बदलावी लागत नाही.

मग बरोबर गाडीत बसूनही निशिकासाइ निघून गेलं, ते कसं?

ही फास्ट होती. आमच्याकडच्या पाहुण्यांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोझाइ लाइनवर 快速 (काइसोकु) नावाची गाडी आहे. मुंबईच्या फास्ट लोकलसारखीच, पण एका बाबतीत फसवी. ती नाकानोपासून तोयोचोपर्यंत, म्हणजे T01 ते T14, प्रत्येक स्टेशनाला थांबते. त्यामुळे निहोंबाशीहून बसलेल्या माणसाला चार स्टेशनं ती स्लोच वाटते. तोयोचो सुटलं की मग गाडी मिनामि-सुनामाची, निशिकासाइ आणि कासाइ ही तीन स्टेशनं सोडून थेट उरायासुला, T18 ला थांबते. तोपर्यंत गाडी भुयारातून वर पुलावर आलेली असते, आणि खिडकीतून आपलंच स्टेशन मागे जाताना दिसतं. बसल्या बसल्या काही करता येत नाही.

असं झालं तर घाबरायचं कारण नाही. उरायासुला उतरा, उलट दिशेची 各駅停車 (काकुएकि तेइशा, म्हणजे प्रत्येक स्टेशनाला थांबणारी स्लो) घ्या, दुसरं स्टेशन निशिकासाइ. फाटकाबाहेर पडू नका.

नकाशाच्या फोटोत हे आधीच कळू शकतं. तोझाइ लाइनच्या पट्टीखाली आणखी एक समांतर पट्टी काढलेली असते, तिच्यावर 快速 लिहिलेलं असतं आणि ज्या स्टेशनांवर गोल आहेत तिथेच ती थांबते. गोल नसलेल्या जागी पट्टी सरळ पुढे जाते. 通過 (त्सूका) हा शब्द दिसला तर तो ‘न थांबता जाते’ असा वाचा.

आता गोंधळ वाढवणारी तिसरी गाडी: 通勤快速 (त्सूकिन काइसोकु), सकाळी ऑफिसच्या वेळची, शहराकडे जाणारी. तिच्याही नावात 快速 आहे, पण ती निशिकासाइला थांबते. तिचं थांबे गाळणं उरायासुच्या पलीकडेच संपतं. तेव्हा नुसतं 快 अक्षर बघून ‘ही आपली नाही’ असं ठरवू नका, पुढची-मागची अक्षरंही बघा.

कधी कधी स्लो गाडी कासाइला दोन-तीन मिनिटं उभी राहते. बिघाड नसतो. शेजारच्या रुळावरून फास्ट पुढे जाऊ देतात. (कासाइच्या फलाटांखाली भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. नातवंडं बरोबर असतील तर उतरायला हरकत नाही.)

वेळापत्रकाच्या फोटोत फक्त आकड्यांचे ढीग आहेत. ते कसे वाचायचे?

डावीकडच्या रकान्यात तास, पहाटे ५ पासून सुरू होऊन खाली मध्यरात्रीपर्यंत. त्या ओळीत उजवीकडे नुसती मिनिटं. १४ च्या ओळीत ०७ म्हणजे दुपारी दोन वाजून सात मिनिटं. चोवीस तासांचं घड्याळ आपल्याला रेल्वेमुळे सवयीचं आहेच.

खरी माहिती मिनिटांच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांत असते, आणि नेमकी तीच फोटोत पुसट येते. तिथे गाडी कुठपर्यंत जाते त्याचं पहिलं अक्षर लिहितात. मुंबईच्या इंडिकेटरवर कल्याणसाठी K आणि फास्टसाठी F यायचं, तसंच. कोणतं अक्षर म्हणजे काय ते तळाशी 凡例 (हानरेइ) या मथळ्याखाली दिलेलं असतं. ज्या मिनिटावर काहीच खूण नसते त्याचाही अर्थ तिथे 無印 (मुजिरुशि, ‘खूण नसलेली’) असा लिहिलेला असतो. ती चौकट फोटोत आली नाही तर वेळापत्रकाचा अर्धा अर्थ हरवतो.

इथे अ‍ॅपची एक गमतीशीर पण महागात पडणारी चूक होते. नाकानोकडे जाणाऱ्या काही गाड्या पुढे 三鷹, म्हणजे मिताकापर्यंत जातात. त्याचं पहिलं अक्षर 三, आणि त्या अक्षराचा अर्थ ‘तीन’. अ‍ॅप ते उचलून मिनिटांच्या आकड्याशेजारी ३ लिहितं, आणि ०७ चं ३०७ होतं. वेळापत्रकात असा अशक्य आकडा दिसला की समजायचं, अक्षराचं भाषांतर झालंय.

माझ्या सांगण्यातलं उदाहरण बघा. समजा निहोंबाशीच्या वेळापत्रकात १४ च्या ओळीत तीन गाड्या आहेत: ०२, ०७ आणि ११. ०२ वर 快 आहे, बाकी दोन्हींवर ते अक्षर नाही. तुम्ही फलाटावर दोनला पोचलात. पहिली दिसते ती ०२ ची, पण ती फास्ट, निशिकासाइ सोडणारी. ती जाऊ द्या आणि ०७ घ्या. पाच मिनिटं जास्त थांबलात, पण उरायासुला जाऊन परत येण्यापेक्षा लवकर पोचाल.

अ‍ॅपचं भाषांतर उलटंच अर्थ देतं असे शब्द कोणते?

सर्वांत धोक्याचा 当駅止まり (तोएकि दोमारि). शब्दशः ‘या स्टेशनावर थांबणारी’, म्हणून लोक आनंदाने चढतात. खरा अर्थ: गाडी इथेच संपते, पुढे जात नाही. सगळ्यांना उतरवून ती रिकामी कारशेडला जाते.

दुसरा 始発 (शिहात्सु). याचे दोन अर्थ आहेत. वेळापत्रकाच्या वरच्या टोकाला असेल तर दिवसाची पहिली गाडी. मधेच एखाद्या मिनिटावर 当駅始発 असेल तर याच स्टेशनातून सुटणारी गाडी, म्हणजे बसायला जागा मिळण्याची चांगली संधी. दादरहून सुटणारी लोकल पकडायला आपण का थांबतो, तेच कारण.

回送 (काइसो) लिहिलेली गाडी रिकामी जाते, चढायचं नाही. आणि इंडिकेटरवर 運転見合わせ आलं तर अ‍ॅप कधी कधी ‘एकत्र पाहणे’ असं काहीतरी सांगतं. त्याचा अर्थ गाड्या बंद आहेत. दुसरी लाइन शोधा.

एकाच फलाटावर दोन वेळापत्रकं आहेत. कोणतं बघू?

平日 (हेइजित्सु) म्हणजे सोमवार ते शुक्रवार. 土休日 (दोक्यूजित्सु) म्हणजे शनिवार, रविवार आणि जपानी सरकारी सुट्ट्या. सुट्ट्या जपानी, आपल्या नव्हेत. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं तर तो तिथे साधा कामाचा दिवस, आणि ३ नोव्हेंबर हा संस्कृती दिन कुठल्याही वारी आला तरी सुट्टीचा. सकाळची 通勤快速 ही ऑफिसच्या दिवसांचीच गाडी, सुट्टीच्या तक्त्यात तिला शोधू नका.

नकाशा जुना आहे हे फोटोवरून कसं कळेल?

कोपऱ्यात 現在 (गेन्झाइ) या शब्दाआधी तारीख असते, ‘या तारखेची स्थिती’. वर्ष बहुधा इसवी सनात असतं, पण 令和 (रेइवा) असेल तर आकड्यात २०१८ मिळवा. रेइवा ६ म्हणजे २०२४. 平成 (हेइसेइ) असेल तर १९८८ मिळवा, आणि त्या नकाशावर विसंबू नका.

तारीख फोटोत आली नसेल तर चंदेरी हिबिया लाइन बघा. जून २०२० मध्ये तिच्यावर तोरानोमोन हिल्स हे नवं स्टेशन सुरू झालं आणि त्याला H06 मिळाला. तोवर H06 असलेलं कासुमिगासेकी H07 झालं, आणि पुढची सगळी स्टेशनं एकेक आकडा सरकली. म्हणून फोटोत कासुमिगासेकीपुढे H06 दिसलं तर नकाशा त्याआधीचा आहे, आणि हिबिया लाइनवरचे कोड आजच्या पाट्यांशी जुळणार नाहीत. घरात फ्रिजवर चिकटवलेले जुने नकाशे यात सापडतात.

फोटो कसा काढू म्हणजे पाठवल्यावर नीट वाचता येईल?

एक नाही, तीन काढा. पहिला संपूर्ण नकाशाचा, म्हणजे कोणता कागद आहे ते कळतं. दुसरा तळाच्या 凡例 चौकटीचा, जवळून. तिसरा तुमच्या स्टेशनाच्या आसपासचा. काचेवर दिव्याची चमक येत असेल तर एक पाऊल बाजूला सरका, फ्लॅश बंद ठेवा. स्टेशनांची नावं अनेकदा उभी, वरून खाली लिहिलेली असतात, आणि अ‍ॅप शेजारच्या दोन नावांची अक्षरं आडवी जोडून भलतंच नाव तयार करतं. एकेका नावावर बोटाने चौकट ओढून वाचायला लावलं तर हे टळतं.

शेवटची गाडी किती वाजता?

टोकियोत भुयारी रेल्वे रात्रभर चालत नाही. साधारण एक ते पाच बंद असते. शेवटच्या गाडीला 終電 (शूदेन) म्हणतात, आणि वेळापत्रकातली मध्यरात्रीनंतरची ओळ ० किंवा २४ अशी लिहितात. ती आदल्या दिवसाची रात्र धरायची. शुक्रवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटं झाली असतील तर कॅलेंडरवर शनिवार असला तरी 平日 चाच तक्ता बघायचा.

आणि शेवटची ओळ वाचताना डोक्यावरचं अक्षर पुन्हा बघा. रात्री उशिराच्या काही गाड्या लाइनच्या टोकापर्यंत जात नाहीत. तक्त्यातली सर्वांत शेवटची मिनिटं कदाचित तुमच्या स्टेशनाच्या अलीकडेच संपणाऱ्या गाडीची असतील, आणि तुमची शेवटची गाडी तिच्या आधीची असेल. गाडी बदलायची असेल तर मागून हिशेब करायचा: आधी निहोंबाशीहून निशिकासाइची शेवटची वेळ बघायची, त्यातून फलाट बदलायला दहा मिनिटं वजा करायची, गिन्झा लाइनचा प्रवास वजा करायचा, आणि मग आसाकुसाहून कधी निघायचं ते ठरवायचं. आईबाबांच्या चिठ्ठीवर मी सगळ्यात वर हीच एक वेळ लिहून देते.